धागा: कुरियरकडून सीओडीचे पैसे येतात, पण कोणत्या पार्सलचे आले आणि कोणत्याचे राहिले हे कसं ताडायचं?

रेवाकाठ (इंदूर), रविवार १६ नोव्हेंबर, सकाळी

नमस्कार मंडळी. महेश्वरच्या विणकरांकडून साड्या आणि ड्रेस मटेरियल घेऊन मी ऑनलाइन विकते. स्वतःची वेबसाइट आहे आणि इन्स्टाग्रामवरूनही ऑर्डरी येतात. पार्सलं एका अ‍ॅग्रीगेटरमार्फत जातात, तो पुढे तीन-चार कुरियर कंपन्यांकडे देतो. निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं सीओडीच मागतात.

प्रश्न हिशोबाचा आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ३० ऑक्टोबरला पाठवणं पुन्हा सुरू केलं आणि पहिली डिलिव्हरी ३ नोव्हेंबरला झाली. त्याआधीचं काहीच बाकी नाही, म्हणून ताडायला हा आठवडा सोपा वाटला. डॅशबोर्डवर ३ ते ९ नोव्हेंबर या तारखांना ४० पार्सलं डिलिव्हर्ड दिसतात आणि त्यांची सीओडी रक्कम ५६,८०० रुपये आहे. बँकेत आले बुधवारी १२ तारखेला १४,८७० आणि शुक्रवारी १४ तारखेला ११,५१२. एकूण २६,३८२.

मग उरलेले ३०,४१८ कुठे आहेत? सपोर्टला विचारलं की "आपलं रेमिटन्स प्रोसेस झालेलं आहे" एवढंच उत्तर येतं. विणकराला पैसे आगाऊ द्यावे लागतात, त्यामुळे माझं सगळं भांडवल या मधल्या टप्प्यात अडकतं. तुम्ही लोक हे कसं ताडता?

---

सराफा_रात्री (इंदूर)

तीस हजारात सराफ्यातला भुट्ट्याचा कीस अख्ख्या कॉलनीला खिलवता येईल, ताई. माझा धंदा वेगळा आहे, मला यातलं कळत नाही. पण खातेवही काका इथे येतातच, त्यांना हाक मारतो.

---

विश्वामित्री (वडोदरा)

मी दांडिया बाजारातून लोणची-मसाले पाठवतो. इतकं डोकं लावू नका असं माझं मत. डिलिव्हर्ड रक्कम आणि बँकेतली रक्कम यांतला फरक महिन्याच्या शेवटी टक्क्यात काढा. माझ्याकडे तो दर महिन्याला साधारण सारखाच येतो. टक्का सारखा आहे तोवर कुरियर बरोबर चाललंय, एकदम वाढला की भांडायचं. एकेक पार्सल ताडत बसलात तर लोणची कधी घालणार?

---

मृदुला_बी (इंदूर)

रेवाकाठ ताई, अगदी माझ्या मनातलं बोललात! मी पण सीओडीने कुर्ता मागवला होता, माप चुकलं म्हणून परत केला, अजून पैसे मिळालेले नाहीत. डिलिव्हरीवाल्या मुलाला मी त्याने दाखवलेल्या क्यूआरवर पैसे दिले होते, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. आता दुकानदार म्हणतो कुरियरला विचारा आणि कुरियर म्हणतं दुकानदाराला विचारा.

---

रेवाकाठ

मृदुलाताई, तुमची अडचण गिऱ्हाइकाची आहे, माझी विकणाऱ्याची. पण तो स्क्रीनशॉट पुसू नका. त्यात यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक असेल, तो दुकानदाराला पाठवा. पैसे कुणाच्या नावावर गेले तेही त्यावर दिसतं. कंपनीऐवजी एखाद्या माणसाचं नाव असेल तर ते आधी सांगा.

---

खातेवही (इंदूर)

ताई, हाक ऐकली. दुकानांचे हिशोब लिहिण्यातच माझी सगळी नोकरी झाली, आता भाच्याच्या ऑनलाइन धंद्याची वही मी पाहतो.

विश्वामित्री भाऊंशी मी सहमत नाही, पण त्याआधी मूळ गोष्ट सांगतो. एकूण रकमेशी एकूण रक्कम ताडली की हाती नेहमी फरकच येतो आणि तो फरक कशाचा हे कधीच कळत नाही. बँकेतली एक जमा म्हणजे वीस-पंचवीस पार्सलांची मोट असते, त्यातून भाडंही कापलेलं असतं. म्हणून ताडायचं ते पार्सलच्या एडब्ल्यूबी नंबरावरून, म्हणजे त्यावरच्या ट्रॅकिंग नंबरावरून. बँकेची पाळी शेवटी.

मला तीन गोष्टी सांगा. एक, तुमच्या करारात डिलिव्हरीनंतर किती दिवसांनी पैसे देय होतात आणि कोणत्या वारी सोडतात. दोन, १२ आणि १४ तारखेच्या जमेचा रेमिटन्स रिपोर्ट उतरवून घेतलात का? पॅनेलवर प्रत्येक जमेसमोर यूटीआर, म्हणजे बँकेच्या त्या व्यवहाराचा नंबर असतो, त्यावर क्लिक केलं की आतली एडब्ल्यूबीवार यादी मिळते. तीन, भाडं तुम्ही वॉलेटमध्ये आगाऊ भरता की ते सीओडीतून वळतं करून घेतात?

---

रेवाकाठ

काका, लगेच पाहिलं.

करारात डिलिव्हरीनंतर ८ दिवस आहेत आणि पैसे बुधवारी व शुक्रवारी सोडतात. त्या वारापर्यंत ८ दिवस भरलेली पार्सलं त्यात धरतात. भाडं सीओडीतून वळतं होतं. वॉलेट नको म्हणून मीच तो पर्याय घेतला होता.

रिपोर्ट आज पहिल्यांदाच उघडला. १२ तारखेच्या रिपोर्टात वर तीन आकडे आहेत: एकूण सीओडी १७,४००, वजावट २,५३०, निव्वळ १४,८७०. १४ तारखेच्या रिपोर्टात १४,८००, ३,२८८ आणि ११,५१२. दोन्ही मिळून २३ पार्सलं आहेत.

---

खातेवही

मग तुमच्या ३०,४१८ चा बराचसा उलगडा इथेच होतो. सावकाश बघू.

आधी तारखा. ३ आणि ४ तारखेला पोचलेल्या पार्सलांचे ८ दिवस ११ आणि १२ ला भरले, म्हणून ती १२ च्या बुधवारात आली. ५ आणि ६ ची १३ आणि १४ ला भरली, ती शुक्रवारात. ७ तारखेचं पार्सल १५ ला पिकतं, पण त्या दिवशी शनिवार. ८ आणि ९ ची त्यापुढे. ही सगळी १९ च्या बुधवारी येतील. म्हणजे ७, ८ आणि ९ तारखेला पोचलेली पार्सलं आज थकलेली नाहीत, त्यांची मुदतच व्हायची आहे. आठ दिवस म्हटलं तरी शुक्रवारच्या डिलिव्हरीचे पैसे बाराव्या दिवशी हातात पडतात, हे विणकराला तारीख देताना धरून चला.

या तीन दिवसांची किती पार्सलं आहेत आणि किती रुपयांची, तेवढं मोजून सांगा.

---

रेवाकाठ

१५ पार्सलं, २१,३०० रुपये.

---

खातेवही

तर ४० मधून १५ गेली, २५ उरली. ५६,८०० मधून २१,३०० गेले, ३५,५०० उरले. आजपर्यंत एवढे देय होते.

रिपोर्टांत एकूण सीओडी किती? १७,४०० अधिक १४,८००, म्हणजे ३२,२००. त्यातून वजावट ५,८१८ आणि निव्वळ २६,३८२. तुमच्या बँकेत नेमके तेवढेच आले आहेत, म्हणजे बँक आणि रिपोर्ट यांच्यात घोळ नाही.

आता ३५,५०० वजा ३२,२००. उरले ३,३००. पार्सलांतही २५ वजा २३, म्हणजे दोन. तुमचा खरा प्रश्न तीस हजारांचा नसून दोन पार्सलांचा आणि ३,३०० रुपयांचा आहे. ५,८१८ ची वजावट बरोबर आहे का हा दुसरा प्रश्न. तो भाड्याच्या बिलावरून वेगळा तपासायचा, यात मिसळायचा नाही.

विश्वामित्री भाऊ, टक्क्याची पद्धत इथेच फसते. भाडं वळतं असेल तर फरकाचा टक्का आरटीओ, म्हणजे न स्वीकारता परत फिरलेली पार्सलं, किती झाले आणि पार्सलं किती लांब गेली यावर हलत राहतो. एखाद्या महिन्यात परतीची पार्सलं कमी झाली आणि दोन पार्सलांचे पैसे बुडाले, तर टक्का तसाच दिसेल.

---

विश्वामित्री

काका, मानलं. पण तुमचं ऐकून आत्ता माझा ऑक्टोबर ताडायला घेतला तर मला धक्काच बसला. `VLOOKUP` लावलं आणि जवळपास सगळ्या ओळींना `#N/A` आलं. म्हणजे माझे पैसे आलेच नाहीत? मी आत्ता अ‍ॅग्रीगेटरच्या अकाउंट मॅनेजरला खरमरीत मेल लिहितोय.

---

सांवेर_रोड (इंदूर)

मेल थांबवा भिया! सगळ्याच ओळी लागत नाहीत म्हणजे गडबड फाइलीत आहे. पैसे बुडतात तेव्हा दोन-चार ओळी चुकतात, सगळ्या नाही.

दोन्ही फाइलींतला एडब्ल्यूबीचा कॉलम बघा. एकात नंबर डावीकडे चिकटलेले आणि दुसऱ्यात उजवीकडे असतील. डावीकडचे मजकूर आहेत, उजवीकडचे संख्या. डोळ्याला सारखे दिसले तरी `VLOOKUP` त्यांना एक मानत नाही. शिवाय काही पॅनेलांच्या फाइलीत नंबरामागे एक स्पेस लटकलेली असते, तिनेही जुळत नाही.

---

विश्वामित्री

एका फाइलीत नीट नंबर आहेत. दुसरीत `3.41278E+13` असं काहीतरी दिसतंय, आणि बऱ्याच ओळींना अगदी तेच!

---

सांवेर_रोड

बस, सापडलं. तुमचे एडब्ल्यूबी १४ आकडी आहेत. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की एक्सेल लांब नंबर असा आखडून दाखवतं. तोवर आतला नंबर शाबूत असतो. पण तुम्ही ती सीएसव्ही तशीच सेव्ह केलीत, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहिलं जातं. शेवटचे आकडे कायमचे गेले. आता कॉलम रुंद करून उपयोग नाही, पॅनेलवरून फाइल पुन्हा उतरवा.

नवी फाइल डबल क्लिकने उघडू नका. कोरी एक्सेल उघडा, Data मध्ये From Text/CSV घ्या आणि एडब्ल्यूबीच्या कॉलमचा प्रकार Text ठेवा. दोन्ही फाइलींना हेच करा.

आमच्याकडे एका वहीत दोन पानं असतात. `Parcel` पानावर A मध्ये एडब्ल्यूबी, B मध्ये ऑर्डर नंबर, C मध्ये सीओडी रक्कम, D मध्ये डिलिव्हरीची तारीख. `Remit` पानावर प्रत्येक रिपोर्टाच्या ओळी एकाखाली एक चिकटवत जायच्या: A मध्ये एडब्ल्यूबी, B मध्ये यूटीआर, C मध्ये रक्कम. जुन्या ओळी पुसायच्या नाहीत. मग `Parcel` च्या E, F आणि G मध्ये हे:

```
E2: =IF(D2="","",D2+8)
F2: =SUMIFS(Remit!C:C,Remit!A:A,A2)
G2: =IF(D2="","रस्त्यात",IF(F2=C2,"जमा",
    IF(F2<>0,"फरक",IF(TODAY()>E2+5,"थकले","मुदतीत"))))
```

८ दिवस पिकायचे, आणि पुढचे ५ बुधवार-शुक्रवारची वाट पाहण्याचे. शुक्रवार चुकला तर बुधवारपर्यंत थांबावं लागतं, म्हणून ५. तुमच्या करारात जे असेल ते घाला. "थकले" चा फिल्टर लावला की भांडायची यादी तयार.

`VLOOKUP` ऐवजी `SUMIFS` मुद्दाम आहे. एकाच एडब्ल्यूबीच्या दोन ओळी येतात. आधी पैसे दिले आणि नंतर काही कारणाने उलटवले, तर दुसरी ओळ वजा चिन्हाने येते. `VLOOKUP` पहिली ओळ पाहून "आले" म्हणेल. `SUMIFS` ला बेरीज शून्य दिसेल आणि ते पार्सल थकलेल्यांत जाईल.

---

विश्वामित्री

फाइल नव्याने उतरवून तुमच्या पद्धतीने लावली. आता फक्त तीनच "थकले". मेल पुसून टाकला, जेवून घेतो.

---

रेवाकाठ

मीही बसून लावलं. ते पुढचे ५ दिवस संपायचे असल्याने "थकले" अजून एकही नाही, पण ३ ते ६ तारखांत F शून्य असलेली दोन पार्सलं पुढे आली.

पहिलं १,८५० रुपयांचं, देवासच्या पत्त्यावर. माझ्या जुन्या यादीत ५ तारखेला डिलिव्हर्ड होतं. आज ट्रॅकिंग उघडलं तर ६ तारखेला दुपारी स्टेटस बदलून "अनडिलिव्हर्ड, ग्राहक उपलब्ध नाही" झालेलं आहे आणि आता आरटीओत आहे. आधी डिलिव्हर्ड लिहून दुसऱ्या दिवशी बदललं.

दुसरं १,४५० चं, नागपूरचं, ६ तारखेचं. डिलिव्हर्ड आहे, स्टेटस बदललेलं नाही. गिऱ्हाइकाला फोन केला, बाई म्हणाल्या साडी मिळाली आणि मुलाला पैसे दिले, रोख. १४ च्या रिपोर्टात यायला हवं होतं, नाहीये.

---

हबवर_होतो (ग्वाल्हेर)

मी एका कुरियरच्या हबवर सुपरवायझर होतो, आता नाही. देवासच्या पार्सलाचं कारण सांगतो.

मुलगा सकाळी रनशीट घेऊन निघतो. संध्याकाळी शीट बंद करताना प्रत्येक पार्सलाला काहीतरी स्टेटस लागतं. डिलिव्हर्ड झालेल्यांची सीओडी बेरीज आणि त्याने भरलेली रोख अधिक क्यूआरवर आलेले पैसे जुळले पाहिजेत. पार्सल हातात उरलं असेल आणि घाईत बटण चुकलं, किंवा उद्या देतो म्हणून आधीच डिलिव्हर्ड टाकलं, तर संध्याकाळी रोख कमी पडते. मग हब ते पार्सल शोधून स्टेटस उलटवतो. त्यात बहुधा तेच झालं असेल.

म्हणून विकणाऱ्याने डिलिव्हर्डची यादी एकदाच उतरवून ठेवू नये. ज्या दिवशी ताडायचं त्या दिवशी नवी यादी घ्यावी आणि जुन्या यादीशी तुलना करावी. स्टेटस बदललेली पार्सलं तिथेच दिसतात.

नागपूरचं वेगळं आहे. रोख हबवर जमा होते, तिथून ती कॅश नेणारी एजन्सी घेऊन जाते, मग बँक, मग मुख्य कार्यालय, तिथून तुमचा अ‍ॅग्रीगेटर आणि मग तुम्ही. मुलाने एखाद्या पार्सलाची रोख कमी भरली तर शीट अपवादात पडते आणि त्या एडब्ल्यूबीचा निकाल लागेपर्यंत त्याचे पैसे अडकून राहतात. आमच्याकडे असं व्हायचं. प्रत्येक कंपनी यात तुमचे पैसे अडकवते असं म्हणणार नाही, करारावर आहे.

---

मृदुला_बी

म्हणजे मी क्यूआरवर दिले तेही त्या मुलाने भरले नसतील?

---

हबवर_होतो

ताई, क्यूआर त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्या पार्सलापुरता बनला असेल तर पैसे थेट कंपनीत जातात, त्याच्या हातात काही येत नाही. त्याने स्वतःच्या फोनवरचा खाजगी क्यूआर पुढे केला असेल तर गोष्ट वेगळी. रेवाकाठ ताईंनी सांगितलं तसं स्क्रीनशॉटवरचं नाव बघा.

---

छत्रीबाग (इंदूर)

अ‍ॅग्रीगेटर नेहमी म्हणतो "कुरियरनेच आम्हाला दिले नाहीत, मग तुम्हाला कुठून देणार". मला हे पटत नाही. माझा करार अ‍ॅग्रीगेटरशी आहे, कुरियर त्याने निवडला. कुरियरने दिले नाहीत तरी मुदत झाली की त्याने मला द्यायलाच हवेत.

---

खातेवही

भाऊ, तत्त्वतः तुमच्यासारखंच मला वाटतं, पण करार वाचा. काही करारांत साफ लिहिलेलं असतं की कुरियरकडून रक्कम आल्यावरच पुढे दिली जाईल. तसं असेल तर तुमचा जोर कमी पडतो. तक्रार किती दिवसांत करायची तेही बहुतेक करारांत असतं आणि मुदत गेली की ते दार लावतात. म्हणून दर आठवड्याला ताडायचं, तिमाहीला नाही.

---

छत्रीबाग

माझ्या करारात ती ओळ आहे. तरी मी भांडणार. डिलिव्हरीचा पुरावा त्यांच्याच पॅनेलवर आहे, मग जोखीम माझी कशी?

---

खातेवही

भांडा, नाही म्हणत नाही. वकील मंडळींनी यावर सांगावं.

ताई, नागपूरच्या पार्सलाचं तिकीट लावताना "माझे पैसे कमी आले" असं लिहू नका. त्यावर तुम्हाला तेच छापील उत्तर येणार. एका तिकिटात एकच पार्सल घ्या. एडब्ल्यूबी, सीओडी रक्कम, डिलिव्हरीची तारीख, देय झाल्याची तारीख, आणि "१४ तारखेच्या अमुक यूटीआरच्या रिपोर्टात ही ओळ नाही" एवढं लिहा. डिलिव्हरीचा पुरावा, म्हणजे सही किंवा ओटीपीची नोंद, त्यांच्याकडून मागवा. गिऱ्हाइकाने पैसे दिल्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लेखी होकार जोडा. त्यांना उत्तर देण्यासाठी ती ओळ उघडावीच लागेल.

---

सांवेर_रोड

वजावटीवर कुणी बोललं नाही म्हणून विचारतो. ताई, ५,८१८ चं बिल उघडलंत का? साडीची पार्सलं आमच्याही ओळखीत जातात आणि त्यात वजनाचा घोळ ठरलेला.

---

रेवाकाठ

उघडलं. बहुतेक पार्सलं अर्ध्या किलोच्या दरात आहेत, पण काहींना एक किलोचा दर लावलाय. साडी काही एक किलोची नसते.

---

सांवेर_रोड

साडी डब्यात घालता की प्लास्टिकच्या कुरियर पिशवीत? डब्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ३० बाय २५ बाय ६ चा डबा असेल तर ४,५०० भागिले ५,०००, म्हणजे ०.९ किलो. तराजूवर ५०० ग्रॅमच्या आत असलं तरी बिल एक किलोचं. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, करारात बघा. पिशवीतून पाठवलेल्यांनाही एक किलो लावलं असेल तर मात्र तराजूवरच्या पार्सलाचा फोटो लावून वाद घाला.

---

रेवाकाठ

एक किलोवाली सगळी डब्यातलीच आहेत! भेट म्हणून मागवलेल्या साड्या मी डब्यात देते. म्हणजे बिल बरोबर आहे, डब्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून वेगळे घ्यायला हवेत.

---

खातेवही

वहीत लिहिताना आणखी एक बघा. बरेच जण बँकेत आलेले २६,३८२ हीच विक्री म्हणून लिहितात. विक्री ३२,२०० ची आहे आणि ५,८१८ हा खर्च आहे. जीएसटी नंबर असेल तर कुरियरच्या भाड्यावर १८ टक्के कर लागलेला असतो, त्याचं क्रेडिट मिळतं. निव्वळ रक्कमच विक्री धरली तर विक्री कमी दिसते आणि क्रेडिटही जातं.

माझी पद्धत अशी: "कुरियरकडून सीओडी येणे" असं एक खातं. डिलिव्हरी झाली की पूर्ण रक्कम त्यात नावे. रेमिटन्स आलं की रिपोर्टातली एकूण सीओडी जमा. त्यातली निव्वळ बँकेला, उरलेली भाडं आणि कराला. मग कधीही त्या खात्याची बाकी आणि "मुदतीत" व "थकले" पार्सलांची बेरीज सारखी आली पाहिजे. ताईंच्या ३ ते ९ च्या पार्सलांपुरती आज ती २१,३०० अधिक १,४५०, म्हणजे २२,७५० असायला हवी. देवासचे १,८५० यातून काढून टाकले, कारण ते आता येणं राहिलं नाही, परतीचा माल झाला.

---

विश्वामित्री

काका, लवकर पैसे देणारी योजना घ्यावी का? अ‍ॅग्रीगेटर रोज मागे लागतो, दोन दिवसांत देतो म्हणतो, पण सीओडीवर टक्का कापतो.

---

छत्रीबाग

मी घेतली होती आणि सोडली. दोन दिवसांत पैसे मिळालेलं पार्सल नंतर आरटीओ झालं की ते पुढच्या रेमिटन्समधून वजा करतात. एवढ्या वजा ओळी आल्या की ताडताना डोकं फिरलं.

---

खातेवही

वजा ओळींना घाबरू नका, सांवेर रोडची वही त्या आपोआप पकडते. प्रश्न फक्त टक्क्याचा. त्या आठवड्याभरात पैसा हातात आल्याने जेवढं सुटतं त्यापेक्षा कापणी जास्त असेल तर घेऊ नका. ताईंना विणकराला आगाऊ द्यावं लागतं, त्यांच्यासाठी उत्तर वेगळं असू शकेल.

---

रेवाकाठ, शुक्रवार २१ नोव्हेंबर

बुधवारी १९ ला पैसे आले. रिपोर्टात ७, ८ आणि ९ ची १४ पार्सलं आहेत आणि पंधरावं नाही. लगेच ट्रॅकिंग पाहिलं, तेही डिलिव्हर्डवरून बदलून आरटीओ झालेलं. म्हणजे हबवर_होतो यांनी सांगितलं तसं माझी यादीच जुनी होती. आता दर रविवारी नवी यादी घेते.

देवासची साडी परत आली. पाकीट नीट होतं, विकता येईल.

नागपूरच्या तिकिटाला पहिलं उत्तर तेच छापील आलं. मी यूटीआर नंबर घालून पुन्हा लिहिलं, तेव्हा "संबंधित एडब्ल्यूबी कुरियरसोबत तपासात आहे" असं आलं. १,४५० अजून आलेले नाहीत. सहीचा पुरावा मागितलाय, तोही आला नाही.

---

हबवर_होतो

रोख असेल तर वेळ लागतो. पुरावा पुन्हा मागा आणि पुढच्या आठवड्यातही तेच तिकीट उघडं ठेवा. बंद केलं तर नवं लावू नका, तेच पुन्हा उघडा.

---

खातेवही

ताई, जे पार्सल आरटीओत जातं त्याचाही पाठपुरावा असाच करा. प्रत्येक पार्सलाचा शेवट तीनपैकी एक: पैसे आले, माल परत आला, किंवा हरवल्याची भरपाई मिळाली. आरटीओ लिहिलं की आपण ते विसरतो आणि ते वाटेतच राहतं. `Parcel` पानावर H कॉलम काढा, त्यात माल हातात आल्याची तारीख लिहा. आरटीओ आहे आणि H रिकामा आहे अशी पार्सलं महिनाभराहून जुनी झाली की हरवल्याचा दावा लावा. भरपाई किती मिळेल ते करारातल्या कमाल मर्यादेवर आहे, साडीची पूर्ण किंमत मिळेलच असं नाही.

---

रेवाकाठ

H कॉलम काढला. ऑक्टोबरमधली दोन आरटीओ पार्सलं अशीच निघाली, माल आलेला नाही. एकाचं शेवटचं स्कॅन भोपाळ हबचं आहे. उद्या दोन्हींचा दावा लावते.

---

विश्वामित्री

माझ्या तीन थकलेल्यांपैकी एक सुटलं. गिऱ्हाइकाचा यूपीआय संदर्भ दिला आणि दोन दिवसांत रक्कम जमा झाली. उरलेली दोन रोखीची आहेत. कुणाला रोखीचं थकलेलं पार्सल सोडवून मिळालंय का? मिळालं असेल तर काय पुरावा दिला ते इथे लिहा.